फोनवरून पॉकेट प्रोजेक्टर लावताना: आधी बॅटरीवरचा उजेड मोजा, मग चित्राची साईज ठरवा

नवीन पॉकेट प्रोजेक्टर हातात आला की पहिल्या दिवशी सगळे एकच करतात, खोलीच्या पार मागच्या टोकाला ठेवतात आणि अख्खी भिंत भरेल एवढं मोठं चित्र पाडतात. मग चित्र फिकट दिसतं, अंधारातले सीन तर कळतच नाहीत आणि सगळे म्हणतात मशीनच बेकार आहे. मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं हो, फक्त त्याच्याकडे जेवढा उजेड आहे त्याच्या चार-पाच पट जागेवर तो पसरलेला असतो आणि त्यात ते बॅटरीवर चालू असतं म्हणजे मुळातला उजेडही कमी झालेला असतो.

म्हणून माझं सांगणं असं की बॅटरी, उजेड आणि अंतर या तीन वेगवेगळ्या गोष्टी समजूच नका. बॅटरीवर उजेड किती मिळतो त्यावरून चित्र किती मोठं करायचं ते ठरतं, आणि चित्राच्या साईजवरून प्रोजेक्टर भिंतीपासून किती लांब ठेवायचा ते ठरतं. याच क्रमाने गेलात तर पहिल्याच वेळी नीट जमतं. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी टेबल कुठे आहे ते बघून मग जे दिसेल ते दिसेल असं केलं, की सगळा घोळ होतो.

खाली मी एकच उदाहरण घेऊन पुढे जाणार आहे: आठ-दहा माणसं, रात्रीची वेळ, लाईट बंद करता येतील अशी खोली किंवा गच्ची, जवळ प्लग नाही, दोन तास वीस मिनिटांचा सिनेमा. प्रोजेक्टर २०० अ‍ॅन्सी लुमेनचा, म्हणजे एवढा त्याचा एकूण उजेड, आणि आतली बॅटरी ५० वॉट-अवरची, म्हणजे एवढी वीज तिच्यात साठते. तुमचे आकडे वेगळे असतील पण हिशोब हाच.

पहिली पायरी: बॅटरीवर खरा उजेड किती ते काढा

बॉक्सवर लुमेन लिहिलेले असतात पण कुठले लुमेन ते बघा. "अ‍ॅन्सी" किंवा "आयएसओ" लिहिलेलं असेल तर तो आकडा पडद्यावर पोचलेल्या उजेडाचा असतो. नुसतं "लुमेन" किंवा "एलईडी लुमेन" किंवा "लाईट सोर्स लुमेन" असं असेल तर तो आकडा कितीतरी फुगवलेला असू शकतो, त्यावर कसलाच हिशोब करू नका. खिशात किंवा छोट्या बॅगेत मावणारं, बॅटरीवर चालणारं मशीन साधारण शंभर ते तीनशे अ‍ॅन्सीच्या आसपास असतं, त्यामुळे तळहाताएवढ्या डब्यावर काही हजार लुमेन छापलेले दिसले की समजून जा.

दुसरी गोष्ट जी बॉक्सवर बारीक अक्षरात असते किंवा नसतेच, ती म्हणजे हा आकडा प्लग लावलेला असतानाचा असतो. प्लग काढला की बरीच मशीन आपोआप इको मोडमध्ये, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोडमध्ये जातात आणि उजेड साधारण निम्म्यावर येतो. काही कमी उतरतात, काही त्याहून जास्त. आपल्या उदाहरणात २०० चे १०० झाले असं धरू.

पण धरायचं कशाला, घरच्या घरी मोजता येतं आणि ते मला फार आवडतं कारण त्यात एक छान सोय आहे. अँड्रॉइड फोनमध्ये समोरच्या बाजूला उजेडाचा सेन्सर असतो, लक्स मीटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप तो आकडा दाखवतं. प्रोजेक्टर बॅटरीवर चालू करा, पाच-दहा मिनिटं गरम होऊ द्या, फोनमधली किंवा पेन ड्राइव्हमधली एक पूर्ण पांढरी इमेज लावा आणि प्रोजेक्टर मागेपुढे सरकवून चित्राची रुंदी बरोबर १३३ सेंटीमीटर करा. टेपने मोजा, अंदाजाने नको. एवढ्या रुंदीचं सोळा-नऊ चित्र म्हणजे साठ इंची, उंची ७५ सेंटीमीटर, आणि त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर येतं. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन, त्यामुळे या साईजला जेवढे सरासरी लक्स तेवढेच तुमच्या मशीनचे लुमेन, गुणाकार भागाकार काही नाही!

आता त्या पांढऱ्या चौकोनाचे मनातल्या मनात तीन गुणिले तीन असे नऊ भाग पाडा, खोलीतला सगळा लाईट बंद, आणि फोनची पाठ भिंतीला टेकवून स्क्रीन प्रोजेक्टरकडे अशी धरून प्रत्येक भागाच्या मध्यावर आकडा वाचा. तुमची स्वतःची सावली सेन्सरवर येऊ देऊ नका, बाजूने हात लांब करून धरा. नऊ आकड्यांची सरासरी काढा. मध्यभागी जास्त आणि कोपऱ्यात कमी येणार, ते नॉर्मल आहे, म्हणूनच तर नऊ ठिकाणी मोजायचं, अ‍ॅन्सीची पद्धतही हीच नऊ भागांची आहे. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतलं यंत्र नाही, थोडा इकडेतिकडे दाखवेल, पण शंभर आहेत की चाळीस हे नक्की कळतं आणि आपल्याला तेवढंच हवंय. नंतर प्लग लावून तसंच परत मोजा म्हणजे बॅटरीवर किती टक्के उजेड जातो तेही समजेल.

दुसरी पायरी: चित्राची साईज

थिएटरमध्ये पडद्याच्या मध्यावर पांढऱ्याचा उजेड ४८ निट ठेवायचं स्टँडर्ड आहे, निट म्हणजे पडदा डोळ्यांना किती उजळ दिसतो त्याचं माप. साध्या मॅट पांढऱ्या भिंतीवर तेवढं मिळवायला साधारण १५० लक्स लागतात. हा आपला वरचा आकडा, म्हणजे पूर्ण अंधारात १५० लक्स मिळाले तर थिएटरसारखं चित्र. १०० लक्सला पण अंधारात छान दिसतं, डोळ्यांना सवय होते. ६० च्या खाली गेलात की रंग मरायला लागतात आणि रात्रीचे सीन नुसते राखाडी दिसतात.

आपल्या शंभर लुमेनचं काय होतं बघा. पन्नास इंची चित्र (रुंदी १११ सेंटीमीटर) केलं तर साधारण १४५ लक्स, म्हणजे थिएटरएवढं. साठ इंचीला १००. ऐंशी इंचीला एकदम ५७. आणि शंभर इंची केलं, जे सगळ्यांना हवं असतं, तर ३६. साईज दीडपटीहून थोडी जास्त वाढली की उजेड जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतो कारण रुंदी आणि उंची दोन्ही वाढतात. त्यामुळे शंभर लुमेनला माझ्या मते साठ इंच ही मर्यादा धरा आणि दहा माणसांना साठ इंच पुरतं, खरंच पुरतं, फक्त बसवायचं नीट, ते पुढे सांगतो.

हे सगळं पूर्ण अंधाराचं झालं. प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धे प्रश्न सुटतात. काळा म्हणजे जिथे तो उजेड टाकत नाही ती जागा, म्हणजे तुमची भिंत जेवढी उजळ दिसते तेवढाच तुमचा काळाही उजळ दिसणार. भिंतीवर बाहेरचा फक्त १ लक्स पडत असेल तर १०० लक्सचा पांढरा त्याच्या शंभरपट उजळ दिसतो. कोपऱ्यात एक दिवा चालू आहे आणि भिंतीवर १० लक्स येतायत, तर पांढरा काळ्याच्या अकरापट, बस. चित्र दिसेल, पण धुतल्यासारखं. म्हणून प्रोजेक्टर चालू करायच्या आधी तोच लक्स मीटर भिंतीवर धरून बघा. दोन-तीनच्या वर आकडा येत असेल तर आधी तो उजेड शोधा: दाराच्या फटीतून येणारा लाईट, खिडकीतून येणारा रस्त्यावरचा दिवा, आणि कुणाचा तरी चालू मोबाईल. माणसांना चालण्याफिरण्यापुरता दिवा हवाच असेल तर तो प्रेक्षकांच्या मागे, जमिनीलगत आणि भिंतीकडे तोंड नसलेला ठेवा.

गच्चीवर असाल तर सूर्य बुडाल्या बुडाल्या सुरू करायची घाई नको. सूर्यास्तानंतर बराच वेळ आकाशात उजेड असतो, आपल्या डोळ्यांना अंधार झालाय असं वाटतं पण मीटर वीस-तीस दाखवत असतो. मीटर दोनच्या खाली आला की लावा.

भिंत पांढरी आणि मॅट हवी. फिकट पिवळी किंवा निळी भिंत सगळ्या चित्राला तोच रंग देते. चादर लावणार असाल तर ती ताणून चारी कोपऱ्यांना बांधा, आणि पातळ असेल तर मागे गडद कापड लावा नाहीतर बराच उजेड आरपार निघून जातो, चादरीच्या मागे उभं राहून बघा, चित्र तिकडूनही दिसत असेल तर तेवढा उजेड वाया चाललाय.

तिसरी पायरी: अंतर

यासाठी एकच आकडा लागतो, थ्रो रेशो. प्रोजेक्टर ते भिंत हे अंतर भागिले चित्राची रुंदी. मॅन्युअलमध्ये असतो पण मॅन्युअल हरवलं असेल तर लेन्स भिंतीपासून बरोबर एक मीटरवर ठेवा आणि रुंदी मोजा. ८३ सेंटीमीटर आली तर १ भागिले ०.८३ म्हणजे १.२. पॉकेट प्रोजेक्टर बरेचसे १.२ ते १.५ च्या मध्ये कुठेतरी असतात.

अंतर = रुंदी × थ्रो रेशो

आपल्याला साठ इंच हवंय, रुंदी १.३३ मीटर, गुणिले १.२, म्हणजे लेन्स भिंतीपासून १.६ मीटरवर. फक्त १.६! इथेच नवीन लोकांना धक्का बसतो कारण याचा अर्थ प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या पुढे येतो. हो, तिथेच हवा. मागे साडेतीन मीटरवर ठेवलात तर हाच प्रोजेक्टर जवळजवळ तीन मीटर रुंद चित्र पाडेल आणि बॅटरीवर जेमतेम २० लक्स राहतील.

मग कुणीतरी म्हणतं की मागेच ठेवू आणि सेटिंगमधून झूम कमी करू. पॉकेट प्रोजेक्टरमधला हा झूम बहुतेक डिजिटल असतो. त्यात लेन्स हलत नाही, आतल्या चिपचा कडेचा भाग काळा केला जातो आणि मधल्याच भागात चित्र काढलं जातं. चित्र लहान होतं पण उजेड एकवटत नाही, कडेचा सगळा उजेड फुकट जातो आणि मधला भाग तेवढाच फिकट राहतो. वर पिक्सेलही कमी होतात म्हणजे सबटायटल पुसट. उजेड वाढवायचा एकच मार्ग, मशीन उचलून पुढे न्या.

कीस्टोनचंही असंच आहे. प्रोजेक्टर तिरका ठेवला की चित्र एका बाजूला फुगतं आणि मशीन ते आपोआप चौकोनी करतं, पण ते करतानाही कडेचे पिक्सेल आणि त्यांचा उजेड टाकून दिला जातो. म्हणून ऑटो कीस्टोन आधी बंद करा, मशीन भिंतीच्या बरोबर समोर आणि सपाट ठेवून चित्र जितकं चौकोनी येईल तितकं आणा, मग उरलेलं थोडंसंच कीस्टोनवर सोडा. काही मशीनमध्ये चित्राची खालची कड लेन्सच्या उंचीला येते, त्यांना बुटक्या स्टुलावर ठेवलं की काम होतं. काहींमध्ये लेन्स चित्राच्या मध्यावर असते, त्यांना उंच ट्रायपॉड लागतो. बऱ्याच मशीनच्या तळाला कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचाच पाव इंची आटा असतो, तो असेल तर साधा कॅमेऱ्याचा ट्रायपॉड चालतो. आपलं कुठल्या प्रकारचं आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेवा, ऐनवेळी पुस्तकांची चळत रचून तोल सांभाळत बसू नका.

फोकस करताना मध्यभागाकडे न बघता एखादं बारीक अक्षर असलेलं मेनू उघडा आणि मध्य आणि एक कोपरा या दोन्हीकडे बघत करा. मशीन गरम झालं की फोकस किंचित सरकतो, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांनी परत एकदा बघून घ्या.

आता माणसं. साठ इंची चित्राला दोन ते तीन मीटरवर बसलेलं छान. प्रोजेक्टर १.६ वर आहे, म्हणजे त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर पहिली ओळ जमिनीवर, चार-पाच जण, आणि त्यांच्या मागे दुसरी ओळ खुर्च्यांवर. मशीनच्या बरोबर मागची जागा मोकळी सोडा कारण पंख्याची हवा आणि आवाज बऱ्याचदा तिकडेच येतो. प्रोजेक्टर आणि भिंत यांच्यामधून जायची वाट कुणालाच ठेवू नका, आणि लहान मुलं असतील तर ती लेन्समध्ये वाकून बघणार नाहीत याकडे खरंच लक्ष द्या, एवढ्या जवळून तो उजेड डोळ्याला चांगला नाही, लेझरवालं मशीन असेल तर अजिबातच नाही.

चौथी पायरी: बॅटरी पुरेल का

एमएएच बघून काही कळत नाही, वॉट-अवर बघा. नसेल लिहिलेलं तर बॅटरीचे एमएएच भागिले हजार, गुणिले बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट. आपल्या मशीनमध्ये ५० वॉट-अवर आहेत आणि इको मोडला ते साधारण २० वॉट खातं असं धरू. ५० भागिले २० म्हणजे अडीच तास आणि बॉक्सवरही अडीच तासच लिहिलेलं असणार. पण त्यात स्पीकरचा आवाज मोठा केलेला नाही, वायफाय चालू नाही, बॅटरी अगदी नवी आहे. शिवाय सिनेमाच्या आधी फोकस, जोडणी, लोक येईपर्यंत चालू ठेवलेलं, यात वीस मिनिटं सहज जातात. मी बॉक्सवरच्या वेळेतून पाचवा हिस्सा कायम कापतो, म्हणजे इथे दोन तास. सिनेमा दोन तास वीस मिनिटांचा. पुरणार नाही, आणि संपणार तीही नेमकी क्लायमॅक्सला.

म्हणजे पॉवर बँक हवी, आणि इथे बघायचं ते एमएएच नाही तर प्रोजेक्टरला आत किती वॉट आणि किती व्होल्टने लागतात ते. प्रोजेक्टरच्या चार्जरवर वाचा. तिथे उदाहरणार्थ "15V 3A" लिहिलं असेल तर ४५ वॉट झाले, आणि पॉवर बँकेच्या पाठीवरच्या आउटपुटच्या ओळीत 15V 3A हेच आकडे दिसले पाहिजेत. यूएसबी-सीवरच्या पीडी नावाच्या जलद चार्जिंगमध्ये ५, ९, १५ आणि २० व्होल्ट अशा ठरलेल्या पायऱ्या असतात, तुमची बँक १८ किंवा २० वॉटची असेल तर ती बहुतेक १५ व्होल्टपर्यंत जातच नाही आणि प्रोजेक्टर एकतर चार्जिंगच घेणार नाही किंवा चार्जिंगचं चिन्ह दाखवत दाखवत टक्के उतरत राहतील. हे दुसरं फार फसवं असतं कारण चिन्ह दिसतंय म्हणून आपण निवांत असतो. अर्धा तास चालवून टक्का वर जातोय की खाली ते बघणं हाच खरा उपाय. चार्जर गोल पिनचा असेल तर साधी पॉवर बँक चालणार नाही हेही आधीच समजून घ्या. आणि केबल फोनबरोबर आलेली जुनी कुठलीतरी नको, ६० वॉटच्या वर लागत असतील तर पाच अँपिअरचीच केबल लागते.

वीस हजार एमएएचची बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर होते, पण आतला व्होल्ट बदलताना काही जातं, हातात साठ येतात असं धरा. आतले ५० आणि हे ६०, मिळून ११०. इको मोडला २० वॉटने हे पाच तासांच्या पुढे जातं, भरपूर झालं.

पण एक गंमत तपासा. काही प्रोजेक्टर बँक लावली की त्यांना वाटतं प्लग लावलाय, आणि ते स्वतःहून फुल ब्राइटनेसवर जातात. चित्र एकदम झकास दिसतं पण खाणं दुप्पट होतं, समजा ४० वॉट. मग ११० वॉट-अवर पावणेतीन तासांतच संपतात, त्यातून पाचवा हिस्सा कापला की सव्वादोन तासांच्या आत. आपला सिनेमा एकशे चाळीस मिनिटांचा आणि आधीची वीस मिनिटं धरली तर हे पुरत नाही. म्हणून बँक लावल्यावर लगेच सेटिंगमध्ये जाऊन ब्राइटनेस मोड हाताने इकोवर करा. छोटा एक तासाचा कार्यक्रम असेल तर मात्र खुशाल फुलवर ठेवा, दोनशे लुमेनमध्ये साठऐवजी ऐंशी इंच करता येतं आणि अंतर २.१ मीटर होतं.

बँक सुरुवातीपासूनच लावा. बॅटरी दहा टक्क्यांवर आल्यावर लावायची असं ठरवलं की अंधारात केबल शोधायची, काही मशीन कमी बॅटरीला उजेड अजून उतरवतात आणि काही तर केबल लावताना चित्र क्षणभर घालवतात.

मशीन गादीवर, उशीवर किंवा सोफ्याच्या हातावर ठेवू नका. हवा आत घ्यायच्या जाळ्या खाली किंवा बाजूला असतात, त्या बुजल्या की मशीन तापतं, पंखा ओरडायला लागतो, आणि मग ते स्वतःला वाचवायला उजेड कमी करतं. अर्ध्या सिनेमानंतर चित्र अंधुक झालं आणि पंख्याचा आवाज वाढला असेल तर बॅटरीला दोष द्यायच्या आधी जाळीवर हात धरून बघा.

पाचवी पायरी: फोन जोडणं

फोन जोडायचे तीन रस्ते आहेत. पहिला मिररिंग, म्हणजे फोनची स्क्रीन जशीच्या तशी. अँड्रॉइडमध्ये वरून खाली ओढलेल्या पट्टीत `Smart View` किंवा `Cast` किंवा `Screen Mirroring` अशा नावाने असतं, प्रोजेक्टरमध्ये मिराकास्ट चालू करायचं आणि यादीत त्याचं नाव दिसलं की जोडायचं. मिराकास्टला राउटर लागत नाही, फोन आणि मशीन थेट बोलतात, म्हणून गच्चीवर सोयीचं. पण काही अँड्रॉइड फोनमध्ये मिराकास्ट नसतंच, फक्त गुगल कास्ट असतं, आणि आयफोनमध्ये तर मिराकास्ट कधीच नसतं, त्याला एअरप्ले लागतं. म्हणजे तुमचा फोन आणि तुमचा प्रोजेक्टर यांची भाषा एक आहे का ते घरी बघूनच निघा.

दुसरा रस्ता कास्टिंग. यात प्रोजेक्टर स्वतः इंटरनेटवरून व्हिडिओ ओढतो आणि फोन नुसता रिमोट होतो, फोनची बॅटरी वाचते, चित्र अडखळत नाही, पण दोघांना एकच वायफाय हवं.

तिसरा वायर. माझी पसंती हीच, कारण आजूबाजूला वायफायची कितीही गर्दी असो, वायर अडखळत नाही. यूएसबी-सी ते एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर लागतो, पण प्रत्येक सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येत नाही, फोनच्या माहितीत `DisplayPort` हा शब्द असला पाहिजे. आयफोन १५ पासूनच्या सी पोर्टवाल्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो असतो, स्वस्त अँड्रॉइडमध्ये बहुतेक वेळा नसतो. अ‍ॅडॉप्टर घेताना चार्जिंगचं भोक असलेला घ्या म्हणजे सिनेमा चालू असताना फोनही चार्ज होत राहतो.

आणि सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते हे: पैसे भरून घेतलेल्या ओटीटी अ‍ॅपचा सिनेमा मिररिंगवर लावला, आवाज येतोय आणि चित्र काळं. मेनू दिसतो, जाहिरात दिसते, सिनेमा सुरू झाला की काळं. यात काहीच बिघडलेलं नाही, तो कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप आहे, ते मिररिंगला थांबवतं. फोन बदलून, रिस्टार्ट करून काही होत नाही. प्रोजेक्टरमध्येच ते अ‍ॅप अधिकृतपणे चालत असेल तर तिथून लावा, नाहीतर एचडीएमआयमध्ये स्ट्रीमिंग स्टिक लावा आणि तिला फोनचा हॉटस्पॉट द्या (तिचं खाणं पण बॅटरीच्या हिशोबात धरा, थोडं असतं), किंवा एचडीसीपी, म्हणजे वायरवरचं हेच कुलूप, चालणारा वायरचा अ‍ॅडॉप्टर वापरा. स्वतःचे व्हिडिओ, लग्नाचं शूटिंग वगैरे दाखवायचं असेल तर फोन मध्ये आणूच नका, सरळ पेन ड्राइव्हवर घाला. फाईल ४ जीबीपेक्षा मोठी असेल आणि ड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ती कॉपीच होणार नाही, अशा वेळी फॉरमॅट एक्सफॅट करा, पण प्रोजेक्टर ते वाचतो का ते एकदा लावून बघा.

फोनवर तीन गोष्टी करून ठेवा. डू नॉट डिस्टर्ब चालू, कारण मिररिंगमध्ये तुमचे मेसेज दहा माणसं वाचतात आणि फोन आला की सिनेमा थांबतो. स्क्रीन आपोआप बंद व्हायचा वेळ वाढवा. आणि फोनचा स्वतःचा ब्राइटनेस पार खाली आणा, भिंतीवरच्या चित्रावर त्याचा काहीही परिणाम होत नाही, बॅटरी मात्र बरीच वाचते. फोन आडवा करायला विसरू नका, उभा राहिला तर मध्ये एक बारीक पट्टी दिसते आणि दोन्ही बाजूंचा उजेड वाया.

ब्लूटूथ स्पीकर लावणार असाल तर तो फोनला नाही, प्रोजेक्टरला जोडा. फोनला जोडला तर आवाज एका रस्त्याने आणि चित्र दुसऱ्या रस्त्याने जातं आणि ओठ हलतात एकीकडे, शब्द येतो भलतीकडे. प्रोजेक्टरला जोडूनही थोडा फरक राहिला तर साउंड सेटिंगमध्ये डिलेचा पर्याय आहे का बघा, नसेल तर ऑक्सची वायर. स्पीकर भिंतीजवळ, चित्राच्या खाली ठेवा म्हणजे आवाज चित्रातून आल्यासारखा वाटतो आणि पंख्याची घरघर मागे पडते.

आदल्या रात्री हे सगळं एकदा त्याच फोनवर, त्याच केबलने, त्याच सिनेमाने लावून अर्धा तास चालवा आणि सुरुवातीचा व शेवटचा बॅटरीचा टक्का लिहून ठेवा. अर्ध्या तासात २२ टक्के गेले तर १०० टक्के साधारण सव्वादोन तास, बँकेशिवाय जमणार नाही हे तिथेच कळतं. मशीनच्या जागी जमिनीवर टेपचा तुकडा चिकटवा, दुसऱ्या दिवशी लोक यायच्या आधी पाच मिनिटांत उभं राहतं. झाल्यावर पॉवर बटणाने बंद करून पंखा थांबेपर्यंत थांबा मगच पिशवीत घाला, आणि महिना दोन महिने वापरणार नसाल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्म्यावर ठेवा.